डावीकडचा डबा

भीमराव गमरे यांच्या कानाला पालेगावच्या रस्त्यावरच्या चार इमारतींत मोठा मान होता. विहारात माईकनं शिट्टी मारली की लोक माईकवाल्याकडे न बघता भीमरावांकडे बघत. पेटीचा एखादा सूर उतरला असेल तर ते डोळे बारीक करत, मान थोडी डावीकडे वळवत आणि नेमका कुठला सूर ते सांगत. मान वळवण्यात विचारवंताची एक छटा होती, असं सगळ्यांचं मत होतं. खरी गोष्ट एवढीच की त्यांचा डावा कान गेलेला होता आणि उजवा कान आवाजासमोर आणायचा तर मान वळवण्यावाचून इलाज नव्हता. त्यांचा बहिरेपणा आणि त्यांची कीर्ती अशी एकमेकांना सांभाळून घेत वर्षानुवर्षं नांदत होती.

कान गेला तो अंबरनाथच्या एका कारखान्यात, पॉवर प्रेसवर. प्रेस डाव्या हाताला असायची. कारखान्यानं कानात घालायला बोंडं दिली होती, आणि ती सगळेजण खिशात जपून ठेवत, कारण कानात घातली तर सुट्टीचा भोंगा ऐकू येणार नाही ही सार्वत्रिक भीती होती. निवृत्तीनंतर भीमराव गुपचूप एका कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डाव्या कानाची नसच गेली आहे, मशीन लावून फारसा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन त्यांनी गंगूला, म्हणजे बायकोला, कानात मळ होता असं सांगितलं. गंगूनं नारळाचं तेल कोमट करून दिलं. ते त्यांनी निष्ठेनं घातलं.

लपवण्याचं कारण होतं ढोलकी. विहारातल्या बायकांच्या गायन मंडळात भीमराव एकटे पुरुष, तेही ढोलकीपुरते. मंडळाची प्रमुख गंगू. जयंती असो, पौर्णिमा असो, कुणाच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन असो, मंडळ जाई आणि भीमराव ढोलकी घेऊन मागं जात. पंचेंद्रियांपैकी अर्धं इंद्रिय कमी आहे असं कळलं की लोक आधी हळहळतात आणि मग पर्याय शोधतात, हे कारखान्यात त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांना हळहळ नको होती, आणि पर्याय तर मुळीच नको होता.

अडचण बसण्याच्या जागेची होती. मंडळाची बैठक पहिल्यापासून ठरलेली: ढोलकी उजव्या टोकाला, गाणाऱ्या तिच्या डावीकडे ओळीनं. म्हणजे सगळं गाणं भीमरावांच्या मेलेल्या कानाशी येऊन थांबायचं. जिवंत कानाशी होती ढोलकीची उंच बोलणारी उजवी पुडी, आणि ती एकदा बोलायला लागली की दुसऱ्या कुणाचं चालू देत नसे. यावर त्यांनी एक तोड काढली होती. ते गंगूच्या जबड्याकडे बघून वाजवत. जबडा उघडला की सम कुठं येणार ते कळायचं. गंगूनं याचा वेगळाच अर्थ लावला होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे आता कार्यक्रमात सगळ्यांसमोर टक लावून बघतात, असं ती मंडळातल्या बायकांना तक्रारीच्या सुरात सांगे. तक्रार दरवेळी थोडी लांबत असे.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना सुनेनं ढोलकी शिकायची काढली.

सून पायल. उल्हासनगरला एका लॅबोरेटरीत बिलिंग काउंटरवर असायची. दिवसभर उपाशीपोटी आलेल्या माणसांशी गोड बोलण्याचा पगार घ्यायची, त्यामुळे संध्याकाळी काहीतरी बडवावंसं वाटणं साहजिक होतं. तिनं सासऱ्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. त्यामागे मोठेपणा नव्हता. बायकांच्या हाताला ढोलकी लवकर बसत नाही असा त्यांचा हिशेब होता आणि तो कुणाजवळ न बोलल्यामुळे कुणी खोडूनही काढला नव्हता.

पायलनं मात्र गोष्ट पद्धतशीर हातात घेतली. वैशाख पौर्णिमेला मंडळाला बदलापुरात, कुळगावच्या एका विहारात गायचं होतं. त्या निमित्तानं उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका छोट्या स्टुडिओत मंडळानं आपली गाणी रेकॉर्ड करून घेतली. पायलनं रेकॉर्डिंगवाल्याला सांगून गाण्याची मांडणी खास करवून घेतली: सगळ्या बायकांचे आवाज आणि पेटी डाव्या चॅनेलवर, ढोलकी एकटी उजव्या. कल्पना सरळ होती. घरी दोन स्पीकर लावायचे. उजवा दूर नेला की बाबांची ढोलकी गेली, राहिली गाणारी मंडळी, आणि त्यांच्यासोबत आपण वाजवायचं. डावा दूर नेला की राहिली नुसती ढोलकी, ती ऐकून शिकायचं. सासऱ्यांना सारखं सारखं वाजवायला लावण्याचा त्रासही नको. भीमरावांना हा त्रास हवा होता, पण ते तसं म्हणाले नाहीत.

स्टुडिओत ते उत्तम वाजवून आले होते. तिथं दोन्ही कानांवर हेडफोन होता आणि बायकांचा आवाज दोन्ही बाजूंनी येत होता, त्यामुळे निम्मा कानही पुरला. पायल म्हणाली, बाबा स्टुडिओत तुम्ही कार्यक्रमापेक्षा भारी वाजवता. हे कौतुक त्यांना नीट गिळता आलं नाही.

मंडळाकडे आधीपासून एक ब्लूटूथ स्पीकर होता, हातात मावणारा, डब्यासारखा गोल. गंगू त्याला डबाच म्हणायची. पायलनं ज्या दुकानातून तो आणला होता तिथूनच, हरेशभाईंच्या, तसाच दुसरा आणला. तेच मॉडेल, तोच रंग. जोडी लावायची तर दोन्ही सारखेच लागतात, हे हरेशनं तिला बजावून सांगितलं होतं.

जोडी लावण्याचा पहिला प्रयत्न रविवारी झाला. गाणी भीमरावांच्या फोनवर होती, कारण पायलच्या फोनवर लॅबमधून सारखे कॉल येत आणि प्रत्येक कॉलला गाणं थांबून डबा केकाटायला लागे. भीमरावांना फारसं कुणी फोन करत नसे. त्या गुणावर त्यांचा फोन संगीत विभागाकडे वर्ग झाला होता. पायलनं आधी फोन एका डब्याला जोडला, मग दुसऱ्याला. दुसरा जोडला की पहिला गप्प. पहिला जोडला की दुसरा गप्प. गंगू म्हणाली, हे दोघं सख्खे भाऊ दिसतात.

मग पायलनं हरेशला फोन लावला आणि त्यानं सांगितलं तसं सगळं पहिल्यापासून केलं. फोनमधून दोन्ही डब्यांची नावं पुसून टाकली. दोन्ही चालू केले, पण फोन कुणालाही जोडला नाही. ते फोनशी नाही, आधी एकमेकांशी बोलले पाहिजेत, असं हरेशचं म्हणणं होतं. इतक्यात जुन्या डब्यातून क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. नरेंद्र, म्हणजे पायलचा नवरा, आतल्या खोलीत फोनवर मॅच बघत पडला होता आणि जुना डबा सवयीनं त्याच्या फोनला जाऊन चिकटला होता. नरेंद्रला ब्लूटूथ बंद करायला लावलं गेलं. त्यानं ते केलं, पण घरात आपल्याला कुणी विचारत नाही असं काहीतरी पुटपुटत केलं.

आता पायलनं एका डब्याचं जोडीचं बटण दाबून धरलं, मग दुसऱ्याचं. दिवे लुकलुकले. जरा वेळानं दोघांनी एकदमच टुंग केलं. ज्याचं बटण आधी दाबलं तो मुख्य झाला, डावा. दुसरा त्याच्या हाताखालचा, उजवा. मग फोनच्या यादीत एकच नाव आलं, मुख्य डब्याचं, आणि फोन त्याला जोडल्यावर गाणं दोघांतून सुरू झालं. गंगूनं मान डोलावली. पायलनं उजवा डबा उचलून स्वयंपाकघरात नेला आणि कान देऊन ऐकलं.

डावीकडच्या डब्यातून बायका गात होत्या आणि ढोलकीही वाजत होती. स्वयंपाकघरातून ढोलकी वाजत होती आणि बायकाही गात होत्या.

तिनं जोडी मोडून पुन्हा लावली. मग उलटी लावली, नव्याला मुख्य करून. मग डबे बंद करून परत चालू केले. दरवेळी दोघंही सगळंच म्हणत. भीमराव खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना त्यात काही चूक दिसत नव्हती. त्यांच्या दृष्टीनं दोन्ही डबे छान वाजत होते. शेवटी पायल म्हणाली, डब्यातच खराबी आहे, उद्या कामावर जाताना परत करते. बाबा, फोन घेऊन तुम्हीही चला, त्याला दाखवायला.

हरेशचं दुकान बाजारात, वायर, चार्जर आणि कव्हरांच्या गर्दीत. दुकानात एका माणसाला उभं राहायला जागा होती आणि ती हरेशनंच घेतलेली होती. गिऱ्हाईक रस्त्यावर. पायल काउंटरवरच्या माणसाला काउंटरवरचंच माणूस ज्या कडकपणानं बोलतं त्या कडकपणानं बोलली. हरेश शांत होता. मॅडम, पार्टी मोडमध्ये असेल, त्यात दोन्ही सेम वाजतात, असं म्हणून त्यानं तपासलं. पार्टी मोड नव्हता, स्टिरिओच होता. मग त्यानं भीमरावांचा फोन सोडवून स्वतःचा जोडला आणि एक चाचणीची फाईल लावली. त्यात एक बाई बोलत होती. डावीकडच्या डब्यातून ती म्हणाली, लेफ्ट. उजवीकडच्या डब्यातून म्हणाली, राईट.

"स्पीकर एकदम मस्त आहे, अंकल," हरेश म्हणाला. "आता तुमचा फोन द्या."

तीच फाईल भीमरावांच्या फोनवर पाठवून लावली. दोन्ही डबे एकदम म्हणाले, लेफ्ट. मग दोन्ही एकदम म्हणाले, राईट.

आणि तेव्हा भीमरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड माणसाला भर बाजारात पडू नये.

कानाच्या डॉक्टरकडे मशीनवर कान तपासणारी एक मुलगी होती. भीमरावांनी तिला सहज विचारलं होतं की इयरफोनची एकच गुंडी उजव्या कानात घातली तर निम्म्या गाण्यांत गाणारा गायब का होतो. गाणारा डाव्या गुंडीत असतो काका, असं म्हणत तिनं त्यांचा फोन घेतला, सेटिंगमध्ये शिरून एक खटका ओढला आणि परत दिला. मोनो ऑडिओ. आता दोन्हीकडचं सगळं एकत्र होऊन येईल, एका कानाला पुरेल. तेव्हापासून भीमराव सुखात होते. फोन कुणालाही जोडला तरी डावं-उजवं कालवूनच देत होता, आणि डब्यांची जोडी बिचारी मिळालं तेच वाढत होती.

एवढं सांगितलं की काम भागलं असतं. पण खटका का ओढला हे विचारलं गेलं असतं, आणि पायलच्या नोकरीचा निम्मा भाग माणसांना का हे विचारण्याचाच होता.

हरेश म्हणाला, फोनचाच लोचा आहे, फोन पूर्ण रिसेट मारावा लागेल. पायल म्हणाली, मारा. भीमराव म्हणाले, थांबा, माझा एक महत्त्वाचा मेसेज बघायचा आहे. फोन घेऊन ते शेजारच्या रसवंतीच्या आडोशाला गेले. त्यांना महत्त्वाचे मेसेज येत नाहीत हे पायलला माहीत होतं, पण ती डब्यांकडे बघत होती. त्यांनी खटका बंद केला आणि परत आले. तेवढ्या वेळात हरेशनं स्पीकरचं एक अपडेट मारून ठेवलं होतं. फाईल पुन्हा लावली. लेफ्ट डावीकडून आला, राईट उजवीकडून.

"बघितलं? अपडेटचा प्रॉब्लेम होता," हरेश म्हणाला.

भीमरावांनी गंभीरपणे मान हलवली. त्या दिवसापासून हरेश येईल त्या गिऱ्हाइकाला अपडेट मारून देऊ लागला. चुकीच्या कारणानं का होईना, एका दुकानाची सेवा सुधारली.

संध्याकाळी घरी सगळं पायलच्या मनासारखं झालं. डाव्यातून गाणं, उजव्यातून ढोलकी. तिनं आधी उजवा डबा बंद करून पाहिला, पण तो बंद झाल्यावर डाव्यानं मुकाट्यानं दोघांचंही काम अंगावर घेतलं आणि ढोलकी परत सुरू केली. आवाज कमी करायला गेलं तर दोघांचा एकदम कमी होई. म्हणजे जोडी मोडून चालणार नव्हती. एकाला नुसतं कानाआड करायला हवं होतं. तिनं उजवा डबा गोधडीत गुंडाळला आणि स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवला. भिंतीपलीकडून तो जोडीत होता आणि ऐकू मात्र येत नव्हता. गंगू पीठ मळत होती. तिनं कपाटाचं दार पायानं लोटून घेतलं.

"बाबा, आधी तुम्ही एकदा वाजवा," पायल म्हणाली. "हात कसा पडतो ते बघते मी."

तिनं डावा डबा त्यांच्या डाव्या गुडघ्याशी ठेवला, कार्यक्रमात गंगू बसते बरोब्बर तिथं. भीमरावांनी ढोलकी मांडीवर घेतली. गाणं पाठ होतं, तेव्हा सुरुवात झोकात झाली. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी गंगू एक सूर मनाला येईल तितका लांबवते, आणि तिच्या मनाला किती येईल हे तिलाही आधी माहीत नसतं. भीमराव आधीच समेवर येऊन पोचले. पायलनं गाणं थांबवलं, पुन्हा लावलं. या वेळी ते मागं राहिले. उजव्या कानाशी पुडी कडकडत होती आणि डावीकडे काहीतरी चाललं आहे एवढंच लांबून, भिंतीवरून आपटून येत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी सवयीनं डावीकडे बघितलं. तिथं डबा होता. डब्याला जबडा नव्हता.

"डब्याकडे काय बघताय, बाबा?"

आवाज कमी आहे, असं ते म्हणाले. पायलनं वाढवला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर ठोकलं. चौथ्यांदा ते चुकले तेव्हा गंगू पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भीमरावांना ते बघणंही पुरेपूर ऐकू आलं. डबा खराब आहे म्हणता आलं असतं, पण डब्याला सकाळी बाजारात सगळ्यांसमोर निर्दोष ठरवून आणलं होतं. हात दुखतो म्हणता आलं असतं. मग हातासाठी कुणीतरी तेल कोमट केलं असतं, आणि हे असंच चालू राहिलं असतं, पुढच्या डब्यापर्यंत.

त्यांनी ढोलकीवर तळवे सपाट ठेवले.

"तो उजवीकडं ठेव," ते म्हणाले. "डाव्या कानानं मला काही ऐकू येत नाही. कारखान्यापासूनच."

पायलनं डबा उचलला, पण हातातच धरून राहिली.

"म्हणजे फोनमधलं ते..."

"मोनो. मीच. सकाळी बंद केलं."

"आणि मी त्या हरेशभाईंना किती बोलले."

"त्याचं अपडेट झालं ना," भीमराव म्हणाले.

गंगूचा हिशेब वेगळ्या ठिकाणी चालला होता. ती म्हणाली, "मग रात्री मी डावीकडनं एवढं बोलत असते, ते?"

"त्यातलं बरंचसं राहिलं."

"आणि गाताना माझ्याकडं बघत होता, ते?"

इथं खोटं बोलायला हरकत नव्हती. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही. "जबड्याकडं," भीमराव म्हणाले. "सम कळायची."

गंगू आत गेली. आतून बराच वेळ पोळ्या लाटल्याचा आवाज येत राहिला, आणि तो कुठल्याही कानाला ऐकू आला असता. पायलनं डबा उजवीकडे ठेवला, त्यांच्या उजव्या गुडघ्यापासून हातभर लांब, पुडीच्या वरच्या अंगाला, आणि कशाचाही उल्लेख न करता गाणं पहिल्यापासून लावलं.

भीमराव वाजवायला लागले. आधी त्यांना घाबरायला झालं, इतक्या बायका एकदम अंगावर आल्या. पेटी किती पुढं आहे, मागच्या ओळीतल्या नीलिमाताई प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कसा गिळतात, गंगू लांबलचक सुराच्या आधी किती मोठा श्वास घेते, हे सगळं त्यांना जणू नव्यानंच कळत होतं. तो श्वास ऐकला की सूर किती लांबणार याचा अंदाज बांधता येत होता. दुसऱ्या कडव्याच्या समेवर ते आणि गंगू एकदम पोचले. डब्यातली गंगू. खरी गंगू लाटणं हातात घेऊन दारात आली होती.

"मग बायका उजवीकडं बसतील," ती म्हणाली. "त्यात एवढं लपवायचं काय होतं?"

त्यात एवढं लपवायचं काय होतं ते भीमरावांना मंडळाच्या बैठकीत दिसलं. गंगूनं बायकांना सगळं सरळ सांगून टाकलं. आधी ठरल्याप्रमाणे हळहळ झाली. मग ठरल्याप्रमाणे नीलिमाताईंनी पर्याय काढला: पायल शिकतेच आहे, तर बदलापूरला तिलाच बसवू, भाऊंना कशाला त्रास. हे वाक्य भीमरावांनी मनातल्या मनात इतकी वर्षं ऐकलं होतं की प्रत्यक्षात ते जरा फिकंच वाटलं.

उत्तर पायलनं दिलं. ती म्हणाली की बाबांच्या ढोलकीला झालेलं काही नाही, जागा चुकीची आहे. आणि मी त्यांच्या ढोलकीवरच शिकते आहे, तर तेच उठले तर मी कुणाचं बघून वाजवू. मग तिनं दोन्ही डबे काढले, फोन जोडला आणि बैठकीची रंगीत तालीम करून दाखवली: ढोलकीचा डबा गुंडाळून लांब, आवाजाचा उजवीकडे ठेवून भीमरावांना वाजवायला लावलं. बायकांनी स्वतःचंच गाणं ऐकलं आणि त्याला बसलेली ढोलकी ऐकली. नीलिमाताईंनी पहिल्यांदाच आपले गिळलेले शब्दही ऐकले असावेत, कारण त्यानंतर त्या पर्यायाबद्दल बोलल्या नाहीत. फक्त बैठक उलटी झाली तर त्या पंख्यासमोर येतील आणि त्यांचा घसा धरेल, एवढीच त्यांची अडचण उरली. ती पंखा वळवून सुटली.

पौर्णिमेपर्यंतच्या संध्याकाळी डब्यांनी घरभर प्रवास केला. कधी बायका कपाटात आणि ढोलकी बाहेर, कधी ढोलकी कपाटात आणि बायका बाहेर. एकदा पायलनं ढोलकीचा डबा पार गॅलरीच्या टोकाला, कपड्यांच्या मशीनमागं नेला तेव्हा तो अडखळायला लागला, गाणं तुटक तुटक येऊ लागलं. इतकं लांब जोडीला झेपत नाही हे कळल्यावर त्याला परत कपाटात जागा मिळाली. पायलचा हात हळूहळू बसला. भीमरावांचा हिशेब चुकला होता. तो चुकलेला बघायला ते रोज संध्याकाळी वेळेवर येऊन बसत, उजवा कान तिच्याकडे करून. मोनोचा खटकाही आता उघडपणे ये-जा करी. सराव संपला की पायलच तो ओढून द्यायची, म्हणजे रात्री झोपताना त्यांना एका गुंडीत सगळं गाणं मिळायचं.

कुळगावच्या विहारात मंडप भरला होता. मंडळ स्टेजवर चढलं आणि भीमराव ढोलकी घेऊन डाव्या टोकाला बसले. गाणाऱ्या त्यांच्या उजवीकडे ओळीनं. साऊंडवाला माईक लावायला आला आणि गोंधळला. त्याच्या अनुभवात ढोलकी नेहमी पलीकडे असे. त्यानं गंगूला विचारलं की काका चुकून इकडे बसले का. गंगूच्या समोरचा माईक तोवर चालू झालेला होता.

"त्यांना उजव्या कानानंच ऐकू येतं," गंगू म्हणाली. "मंडळ उजवीकडंच बसणार. तो तुमचा भोंगापण उजवीकडं घ्या."

हे सगळ्या मंडपानं ऐकलं. मागचा भोजनदानाचा मांडवही सुटला नसावा. भीमराव काहीतरी होण्याची वाट बघत ढोलकीवर हात ठेवून बसले. काही झालं नाही. साऊंडवाल्यानं स्टेजवरचा स्पीकर उचलून पलीकडे ठेवला आणि निघून गेला. पुढच्या रांगेत त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते, हातावर प्रेसवर कापल्याची ओळखीची खूण. ते मात्र उठले, खुर्ची उचलली आणि वाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, डोकं किंचित वळवून. बाजूच्यानं काय झालं असं विचारलेलं दिसलं. त्यांनी आधी स्वतःच्या कानाकडे, मग स्टेजकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं.

पहिली दोन गाणी भीमरावांनी वाजवली. गंगू सूर लांबवायची, आणि ते तिच्याकडे न बघता नेमके तिच्याबरोबर खाली उतरायचे. तिसऱ्या गाण्याला त्यांनी ढोलकी उचलून मागं बसलेल्या पायलच्या मांडीवर दिली. तसं आधी ठरलेलं नव्हतं. पायलनं त्यांच्याकडे बघितलं, मग ओढणी कमरेला खोचली. भीमराव उठून तिच्या डाव्या अंगाला सरकून बसले, म्हणजे ती आणि मंडळ दोन्ही त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला आले.

पायलनं सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला ती अर्धी मात्रा उशिरा आली. मंडपात कुणाच्या लक्षात आलं नाही. भीमरावांना ती चूक अगदी स्वच्छ ऐकू आली, आणि त्यांना फार बरं वाटलं.